एम.ए. एज्युकेशनच्या एसओपीमध्ये शिकवण्याचा अनुभव कसा मांडावा?

प्रश्न : सात वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतेय. एम.ए. एज्युकेशनला अर्ज करायचाय, पण एसओपी लिहायला बसले की बायोडेटाच तयार होतो. काय लिहू?

उत्तर : सात वर्षांचा हिशोब देऊ नका. इयत्ता, प्रशिक्षणं, प्रमाणपत्रं हे सगळं फॉर्मच्या रकान्यांत येतंच. एसओपीत वर्गातला एकच प्रश्न घ्या, जो तुम्हाला अजून सुटलेला नाही.

मी शिकवत असताना अर्ज केला, तेव्हा तिसरीची वजाबाकी घेतली होती. ४२ वजा १७ चं उत्तर बरीच मुलं ३५ लिहायची. एककात २ मधून ७ जात नाहीत, मग सरळ ७ मधून २ काढायचे. याला आपण धांदरटपणा म्हणतो, पण सगळ्यांची चूक एकाच जातीची असेल तर तो धांदरटपणा नव्हे, मुलांनी स्वतः बनवलेला नियम आहे. गंमत म्हणजे त्याच मुलांना काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या की ती एक गठ्ठा सोडून बरोबर २५ उरवायची. वही उघडली की पुन्हा ३५!

एसओपीत मी हे लिहिलं, मग काय करून पाहिलं ते. काड्या आणि वही शेजारी ठेवून, गठ्ठा सोडला की लगेच ४ खोडून ३ लिहायला लावलं. काहींना जमलं, काहींना नाही, आणि का नाही हे मला सांगता येत नव्हतं. माझं डी.एड. तिथे संपत होतं. मग पुढचं वाक्य आपोआप आलं: मुलं गणिताचे नियम कसे बनवतात, हे मला शिकायचं आहे.

आता विद्यापीठाचा अभ्यासक्रम उघडा आणि तुमच्या प्रश्नाला नेमका कोणता पेपर भिडतो ते शोधा. एक-दोन पेपरांची नावं पुरेत. एकही सापडला नाही तर तो कोर्स बहुधा तुमच्यासाठी नाही, हे फी भरण्याआधी कळलेलं बरं.

निवडणुकीची कामं, पोषण आहाराच्या नोंदी यांचं रडगाणं टाळा. राग रास्त असतो, पण वाचणाऱ्याला वाटतं की बाईंना नोकरीतून सुटका हवी आहे. म्हणूनच कोर्सनंतर काय करणार, हे स्पष्ट लिहा: परत त्याच वर्गात, शिक्षक प्रशिक्षणात की पाठ्यपुस्तकाच्या कामात. ‘शिक्षणव्यवस्था बदलायची आहे’ यातून काहीच कळत नाही.

सुरुवातीला सावित्रीबाईंचं नाव घ्यायचा मोह होतो. तो आवरा, निम्म्या अर्जांत ते असणारच.

अर्ज इंग्रजीत मागितला असला तरी पहिला खर्डा मराठीत करा. वर्गात जे घडलं ते मराठीत घडलंय, मुलांचं बोलणं तसंच उतरेल. भाषांतर नंतर करा, आणि शब्दमर्यादेत बसवताना कात्री प्रस्तावनेला लावा, ४२ वजा १७ ला नको.