अभिनंदनात स्वतःला आणू नका

प्रश्न: माझ्या सहकाऱ्याला प्रमोशन मिळालं, मीही त्याच जागेसाठी होतो. अभिनंदनाचा मेसेज मनापासूनचा वाटावा, जळतोय असं वाटू नये, यासाठी काय लिहू?

जळणं थांबायची वाट बघत बसू नका, आठवडा जाईल. उशिरा आलेल्या अभिनंदनाचा अर्थ समोरचा बरोबर लावतो. ऑर्डर निघाली की त्याच दिवशी पाठवा. नुसत्या कुजबुजीवर मात्र पाठवू नका, कारण ऑर्डर अडकली तर तुमचा मेसेज त्याला टोमण्यासारखा लागेल.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला होते, तिथेच सुपरवायझर झाले. त्या दिवशी डिस्पॅचमधल्या एकाचा ग्रुपवर मेसेज आला: "अभिनंदन मॅडम!! शेवटी नंबर लागलाच. साहेबांची मर्जी बसली म्हणायची. आता आम्हा गरिबांना विसरू नका. पार्टी कधी?" आदल्या दिवसापर्यंत हाच माणूस मला "ए ताई" म्हणायचा.

माझा नवरा आजही म्हणतो, चेष्टा होती, तू मनाला लावून घेतेस. मुळीच नाही. एकेक वाक्य बघा. "शेवटी" म्हणजे इतके दिवस लायकी नव्हती. "साहेबांची मर्जी" म्हणजे काम नाही, ओळख. आणि बाईला हे लिहिलं की त्याचा वास आणखी वेगळा येतो. "आम्हा गरिबांना" म्हणजे आता माझ्याकडे बघा. आणि ताईची एकदम मॅडम झाली, तिथेच कळलं की याने रेघ ओढली. अभिनंदन एक शब्दाचं, बाकी सगळं त्याच्या स्वतःच्या दुखण्याचं.

आता दुसरा मेसेज. आमच्यात एक अक्का आहे, घरी तेलुगू बोलते, मराठी लिहायचा तिला कंटाळा. माझ्याहून जुनी, आणि त्याच जागेसाठी तिचंही नाव होतं. तिने मला एकटीला पाठवलं: "तुझं झालं, बरं वाटलं. मरून टॉवेल तू उन्हात नेऊन बघितलीस, तेव्हा आम्ही सगळे चिडलो होतो. पण माल परत आला नाही. आता शेडचं तूच बघ."

ती मरूनची भानगड सांगते. दोन वेगळ्या लॉटमध्ये रंगवलेले टॉवेल एका कार्टनमध्ये चालले होते. ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखेच दिसत होते. मला एका टॉवेलचा काठ जरा विटकरी वाटला, म्हणून मी दोन टॉवेल उचलून शटरच्या बाहेर उन्हात शेजारी शेजारी धरले. एक निळसर मरून, एक तांबूस. रंग वेगवेगळे मिसळून एकच शेड काढली की असं होतं, एका उजेडात जुळते, दुसऱ्यात फुटते. गाडी उभी होती, संध्याकाळपर्यंत कार्टन उघडून लॉट वेगळे करत बसलो. सगळ्यांनी शिव्या घातल्या, अक्कानेही.

तिने नेमकं तेच लिहिलं, म्हणून मला ते खरं वाटलं. "तू मेहनती आहेस" कुणालाही लिहिता येतं. मरून टॉवेलचं फक्त तिथे उभं राहिलेलं माणूसच लिहील. त्यात तिच्या हुकलेल्या जागेचा शब्दही नव्हता. दुसऱ्या दिवशी डबा खाताना भाकरीवर शेंगाचटणी घेत ती म्हणाली, "मला वाईट वाटलं गं, पण तुझ्यावर राग नाही." हे समोरासमोर बोलायचं. मेसेजमध्ये लिहिलं असतं, तर मलाच तिची समजूत काढावी लागली असती.

म्हणून तुम्ही त्याचं एक काम आठवा, तुम्ही स्वतः पाहिलेलं. उदाहरणार्थ: "अभिनंदन रे. ऑडिटच्या वेळी रात्री थांबून तू जुनी बिलं जुळवलीस, ते मी पाहिलंय. त्या टेबलावर तूच हवास." एवढंच. आधी त्याला एकट्याला, मग ग्रुपवर साधं अभिनंदन. त्याला "तू" म्हणत असाल तर "तू"च ठेवा. फुगे आणि फटाक्यांची रांग लावू नका. जितकी रांग लांब, तितकी शंका. आणि त्याच मेसेजमध्ये "आता माझी शिफ्ट बदल" असलं काही घुसडू नका. नवरा म्हणेल, ही मेसेजचंही चेकिंग करते. करते की. माल आणि माणूस दोन्ही उजेडात धरल्याशिवाय कळत नाही.

हां, पार्टी मागणं वाईट असं नाही. जिगरी दोस्त असेल तर "पार्टी कधी बे" हेच खरं अभिनंदन, तिथे माझं वरचं सगळं विसरा. आणि एखाद्याचं काम आठवूनही चांगलं काही सापडत नसेल, किंवा बढती खरंच वशिल्याने झाली असं तुमचं ठाम मत असेल, तर खोटं कौतुक लिहू नका. "अभिनंदन, नवीन कामाला शुभेच्छा" लिहून फोन खाली ठेवा.