अँटासिड आणि दुधाला घड्याळ लावा, ग्रेपफ्रूटला नाही

प्रश्न: "सकाळी ८ आणि रात्री ८ला सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक, रात्री कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन चालू आहे. छातीत जळजळतं म्हणून अँटासिड घेतो. दूध आणि ग्रेपफ्रूटचा रसही असतो. सगळ्यांत दोन-दोन तास ठेवले तर चालेल ना?"

अँटासिडला सरसकट दोन तास पुरत नाहीत आणि ग्रेपफ्रूटला कितीही तास ठेवले तरी उपयोग नाही.

आधी अँटासिडच्या बाटलीवरचे घटक वाचा. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड किंवा कॅल्शियम कार्बोनेट असेल, तर ते धातू सिप्रोफ्लॉक्सासिनला पोटातच धरून ठेवतात. ही जोडी आतड्यातून रक्तात नीट शिरत नाही. म्हणून सिप्रोच्या माहितीपत्रकात अट असते: गोळी अँटासिडच्या आधी २ तास किंवा नंतर ६ तास. दोन्ही बाजूंचं अंतर सारखं नाही, कारण गोळी दोन तासांत बरीचशी शोषली जाते, पण आधी घेतलेलं अँटासिड आतड्यात बराच वेळ रेंगाळतं.

तुमच्या वेळांना हे लावू. सकाळी ८ची गोळी झाली की १०पर्यंत अँटासिड नाही. पुढची रात्री ८ला, त्यामुळे दुपारी २नंतरही नाही. म्हणजे दिवसा १० ते २ एवढीच खिडकी, आणि तशीच रात्री १० ते २. जळजळ संध्याकाळीच होत असेल तर ही खिडकी निरुपयोगी आहे. अशा वेळी धातू नसलेलं, फॅमोटिडिनसारखं औषध चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. लोह, झिंक, कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हाच हिशोब.

दुधात कॅल्शियम आहेच. नुसत्या दुधाबरोबर किंवा दह्याबरोबर सिप्रो गिळू नका, पाण्याबरोबर घ्या. पूर्ण जेवणातल्या थोड्या दुधाला मात्र माहितीपत्रकाची हरकत नसते. चुकून दोन्ही एकत्र घेतलं तर स्वतःहून जादा गोळी घेऊ नका, डॉक्टरांना कळवा. शोषण कमी झालं तर त्या वेळी काहीच जाणवत नाही. ताप किंवा लघवीची जळजळ उतरत नाही, तेव्हाच शंका येते.

ग्रेपफ्रूटचं (द्राक्षं नव्हेत, हे मोठं लिंबूवर्गीय फळ) काम उलटं चालतं. आतड्याच्या भिंतीतलं CYP3A4 हे एन्झाइम सिमव्हास्टॅटिनचा बराच भाग रक्तात पोचण्याआधीच मोडून टाकतं. रसातली द्रव्यं ते एन्झाइम कायमचं निकामी करतात आणि नवं तयार व्हायला एक ते तीन दिवस लागतात. म्हणून सकाळचा एक ग्लासही रात्रीच्या गोळीची रक्तातली पातळी वाढवतो. त्यातून स्नायूंना इजा होऊ शकते. विनाकारण अंग दुखू लागलं, अशक्तपणा आला किंवा लघवी गडद झाली, तर लगेच डॉक्टरांना गाठा. हे औषध चालू आहे तोवर रस बंदच. पपनसातही तीच द्रव्यं असतात. फळ सोडवत नसेल तर या एन्झाइमवर फारसं अवलंबून नसलेलं प्राव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन तुम्हाला चालेल का, हे डॉक्टर ठरवतील. रोसुव्हास्टॅटिन मिळालं तर त्याच्या पत्रकात अँटासिड गोळीनंतर २ तासांनी घ्यायला सांगितलेलं असतं.

पत्रकात "इतर औषधांबरोबर" या भागातलं क्रियापद बघा. "शोषण कमी होते" असं असेल तर शेजारी बहुधा तास दिलेले असतात. "रक्तातील पातळी वाढते" असेल तर तास शोधू नका, "टाळा" हा शब्द शोधा.