नानांना आधी छज्जा बघू द्या

तुमची कथा चांगली आहे, पण त्यातले इंजिनियर नाना स्वतः बांधून घेतलेलं घर बघायला येतात आणि फाटकातूनच ‘घर अजून भक्कम आहे’ म्हणतात, ते पटत नाही. इंजिनियर माणूस आधी मान वर करून छज्जा बघेल. घर रत्नागिरीचं, समुद्राजवळचं. तिथे खाऱ्या हवेने सळई गंजते, फुगते आणि खालचं काँक्रीट पोपडा धरून पडतं. त्याआधी सळईच्या रेषेत तांबूस डाग आणि बारीक चीर दिसते. नाना तीच शोधतील.

मग गच्चीवरून छज्जा आणि भिंत जिथे मिळतात तिथे वाकून बघतील. छज्ज्याची मुख्य सळई वरच्या बाजूला लागते. काँक्रीट ओतताना गडी तिच्यावर पाय देतात, ती खाली दबते आणि पुढे भिंतीलगत वरून तडा जातो. इथे तडा नाही, कारण काँक्रीट ओतायच्या दिवशी नानांनी सळईखाली ठोकळे लावून घेतले होते आणि फळी टाकल्याशिवाय कुणाला वर चढू दिलं नव्हतं. (मुकादमाच्या शिव्यांसकट लिहा!)

गिलाव्यावर नाणं वाजवतात ते ठेवा, मात्र एका जागी बद्द आवाज येऊ द्या. गिलावा सुटला म्हणजे घर कच्चं नव्हे, हे नानांना कळतं. घरमालक मात्र घाबरेल. संवाद तिथे घाला.