'परिणाम' हा शब्द खोडला आणि विषय सापडला

"मॅडम, एमए सोशिऑलॉजीच्या डेझर्टेशनला विषयच ठरत नाहीये. शिक्षण, बेरोजगारी, स्थलांतर, जेंडर सगळ्यातच इंटरेस्ट आहे. गाइड म्हणतात छोटं कर. छोटं म्हणजे नेमकं काय करू?"

माझ्याकडे आलेल्या एका मुलीचं सांगते. तिने टायटल आणलं होतं, 'स्पर्धा परीक्षांचा ग्रामीण तरुणींवर होणारा परिणाम : एक समाजशास्त्रीय अभ्यास'. मी आधी 'परिणाम' शब्दावर बोट ठेवलं. परिणाम म्हणायचा तर परीक्षेच्या आधी काय होतं ते माहीत हवं, शिवाय परीक्षा न देणाऱ्या तशाच मुलीही बघाव्या लागतात, आणि हातात चार महिने, माणूस एकटी. म्हणून तो शब्द खोडला.

मग विचारलं, तू स्वतः काय पाहिलंयस? ती सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायची, रोज अभ्यासिकेत बसायची. म्हणाली, एमपीएससीचा निकाल लागला त्या दिवशी शेजारची मुलगी नापास झाली, जिन्यात तासभर घरी फोनवर बोलली आणि वर येऊन परत तीच पुस्तकं उघडून बसली. मी म्हटलं, त्या तासात कोण काय बोललं, हाच तुझा प्रश्न. नापास झाल्यावर आणखी एक अटेम्प्ट द्यायचा हे मुलीच्या घरात कसं ठरतं? यात बेरोजगारी, जेंडर, स्थलांतर सगळं आपोआप येतं, वेगळं घुसवावं लागत नाही.

शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या वेबसाइटवर स्पर्धा परीक्षेवरचे प्रबंध दिसले तेव्हा ती घाबरली, झालंय की हे सगळं! पण विषय झालेला असला तरी चालतं गं, नेमका तोच प्रश्न कोणी विचारलाय का ते बघायचं.

सिनॉप्सिस देण्याआधी मी तिला दोन मुलाखती घ्यायला लावल्या, आणि हे मी सगळ्यांनाच करायला लावते. पहिलीत तिने विचारलं, "पुण्यात का आलीस?" उत्तर आलं, "अधिकारी व्हायचंय", आणि संपलं. दुसरीत विचारलं, "मागचा फॉर्म भरलास तेव्हा पैसे कोणाकडे मागितलेस?" तर ती मुलगी वीस मिनिटं बोलत राहिली, भावाचा पगार, मावशीने आणलेलं स्थळ, आईने वडिलांपासून लपवून पाठवलेली मेसची फी. त्यातूनच तिचा प्रश्न आणखी आवळला गेला, घरात खर्च कोण करतं आणि त्याच्या बदल्यात लग्न किती पुढे जातं.

एक अडचण मात्र राहिली. अभ्यासिकेत भेटतात त्या टिकून राहिलेल्या, घरच्यांनी परत बोलावलेल्या तिथे नसतातच, म्हणजे 'घरचे शेवटी ऐकतातच' असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. म्हणून तिने पुण्यातल्या बारा मुली घेतल्या आणि त्यांच्याच ओळखीतून गावी परतलेल्या चौघींशी फोनवर बोलली, आणि ही मर्यादा प्रबंधात स्पष्ट लिहिली.

तर तू आत्ता टायटल लिहू नकोस. अशी एक घटना लिहून आण, कुठे पाहिलीस, कोण होतं, तुला काय कळलं नाही, आणि तसा अनुभव असलेल्या दहा-बारा जणांपर्यंत तू या महिन्यात खरंच पोचू शकतेस का, तेवढं.