‘त्याने त्याला सांगितलं की तो उशिरा आला’ या वाक्यात उशिरा नक्की कोण आलं? नावं परत परत न लिहिता हे स्पष्ट कसं लिहायचं?

नाव परत लिहा. त्यात लाज कसली? निबंधात एकच शब्द दोनदा आला की बाई लाल पेनाने अधोरेखित करायच्या, तेव्हापासून आपण नाव दुसऱ्यांदा लिहायला घाबरतो. तुम्हाला नाव टाळूनच लिहायचं असेल तर तेही सांगतो, पण आधी माझं ऐका, कारण या एका वाक्यापायी मी एका चांगल्या बाईंच्या नजरेतून उतरलोय.

मी एका माध्यमिक शाळेत कनिष्ठ लिपिक होतो. दहावीच्या सराव परीक्षेत एका वर्गाला प्रश्नपत्रिका 12 मिनिटं उशिरा मिळाल्या. गठ्ठे ऑफिसातून वर्गावर पोचवायचं काम एका ज्येष्ठ सरांकडे होतं आणि त्या वर्गावर पर्यवेक्षणाला नुकत्याच रुजू झालेल्या एक मॅडम होत्या. मॅडम वेळेवर वर्गात होत्या. सर धापा टाकत आले, दारातच म्हणाले, “मॅडम, मला उशीर झाला, तुमचा गठ्ठा दुसऱ्याच मजल्यावर गेला होता.” मी मागेच पुरवण्या घेऊन उभा होतो, स्वतःच्या कानांनी ऐकलं. पालकांची तक्रार आली, म्हणून मुख्याध्यापकांनी अहवाल मागितला आणि तो लिहायचं माझ्याकडे आलं. मी सरळ लिहिलं: सर म्हणाले, “मला उशीर झाला.”

हेडक्लार्कनी ते खोडलं. अहवालात ‘मला’ येत नाही, ही काय गोष्ट लिहितोस का, म्हणाले. वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘सरांनी मॅडमना उशीर झाल्याचे सांगितले.’ मी तशीच प्रत काढली.

आता हे वाक्य प्रसंग माहीत नसलेल्या माणसासारखं वाचा. ‘मॅडमना’ हा शब्द मधोमध आहे आणि तो दोन्ही बाजूंना चिकटतो. ‘सांगितले’ला जोडला तर सरांनी मॅडमना सांगितलं. ‘उशीर झाल्याचे’ला जोडला तर उशीर मॅडमना झाला आणि सरांनी तशी तक्रार केली. मराठीत सांगायचं ते ‘मॅडमना’च आणि उशीर होतो तोही ‘मॅडमना’च, प्रत्यय एकच. मुख्याध्यापकांनी दुसऱ्या पद्धतीने वाचलं. वाचणारच, अहवालात लोक तक्रारीच शोधतात. मॅडमना ‘कारणे दाखवा’ नोटीस गेली.

नावाऐवजी सर्वनामं घातली असती तर आणखी वाईट झालं असतं. ‘त्यांनी त्यांना उशीर झाल्याचे सांगितले’ यात बाई कोण, बुवा कोण हेही जातं. ‘त्याने’ आणि ‘तिने’ वेगळे असतात, पण आदरार्थी झालं की दोघांचं ‘त्यांनी’ होतं. कर्त्याला प्रत्यय नसेल तेव्हाच फरक परत दिसतो: ‘ते उशिरा आले’, ‘त्या उशिरा आल्या’. म्हणून एक पुरुष आणि एक बाई असेल, दोघांनाही आदराने लिहायचं असेल, तर ‘त्यांना उशीर झाला’ मोडून ‘त्या उशिरा आल्या’ करा. अर्धा घोळ तिथेच मिटतो. दोघंही पुरुष असले की हा उपाय संपला.

तुमच्या वाक्यातले दोघंही पुरुषच आहेत. तिथे माझ्या मते सगळ्यात चांगलं म्हणजे आपण बोलतो तसं लिहावं. घरी कोणी ‘त्याने त्याला सांगितलं की तो उशिरा आला’ असं म्हणत नाही. आपण म्हणतो, ‘रमेशने सुरेशला सांगितलं की मला उशीर झाला’. किंवा ‘तुला उशीर झाला’. बोलणाऱ्याचा ‘मी’ आणि ऐकणाऱ्याचा ‘तू’ आपण तसाच ठेवतो, त्यामुळे शंका उरत नाही. तो ‘मी’ बदलून ‘तो’ करायची सवय आपल्याला इंग्रजीच्या तासाला लागली, आणि मग मराठी लिहितानाही हात तसाच वळतो. हेडक्लार्क ज्याला कार्यालयीन भाषा म्हणत होते त्यातली निम्मी अशीच आहे.

दुसरी युक्ती क्रियापद बदलायची. ‘सांगितलं’ हे मुळमुळीत क्रियापद आहे, त्यातून काहीच कळत नाही. ‘उशीर झाल्याची कबुली दिली’ म्हटलं की उशीर बोलणाऱ्याला झाला. ‘उशिराबद्दल झापलं’ म्हटलं की ऐकणाऱ्याला. सर्वनाम तेच ठेवा, तरी अर्थ पक्का होतो: ‘त्याने उशिराबद्दल त्याची माफी मागितली’ यात उशीर कोणाचा हे कोणी विचारणार नाही. आमच्या अहवालात एवढंच हवं होतं: ‘उशिराबद्दल सरांनी मॅडमकडे दिलगिरी व्यक्त केली.’ यात कुठे ‘मला’ आहे? कार्यालयीनही आहे. आणि ‘मॅडमना’चं ‘मॅडमकडे’ झाल्याबरोबर तो शब्द उशिराला चिकटायचा बंद झाला. हे मला तेव्हा सुचलं नाही, हेडक्लार्कना तर आजही पटत नाही.

तिसरं म्हणजे ‘आपला’. मराठीत हा फार कामाचा शब्द आहे आणि आपण तो विसरत चाललोय. ‘रमेशने सुरेशला आपली छत्री दिली’ म्हणजे रमेशची. ‘त्याची छत्री दिली’ म्हणजे सुरेशची, नाहीतर आणखी कोणाची. हल्ली ‘त्याने त्याची गाडी विकली’ असं सर्रास लिहितात आणि गाडी स्वतःचीच असते. मग दुसऱ्याची गाडी विकली तर काय लिहिणार?

मॅडमनी नोटिशीला उत्तर दिलं, सरांनीही लेखी दिलं की चूक माझी, प्रकरण मिटलं. पण अहवालाखाली ‘तयार करणार’ म्हणून माझी सही होती. मॅडमनी मला एकदाच विचारलं, “तुम्ही तर तिथेच होतात ना?” त्यानंतर पगाराच्या स्लिपसुद्धा त्या शिपायाकरवी मागवायच्या. हेडक्लार्कांचं म्हणणं होतं की संदर्भाने कळायला हवं होतं. अहो, ज्याला संदर्भ माहीत आहे तो अहवाल कशाला मागेल?

आता थोडी सावधगिरी, कारण वर मी जरा जोरातच बोललो. ‘मी’ ठेवायचा उपाय तुम्ही स्वतः त्या प्रसंगात असाल तर उलटतो. ‘रमेशने मला सांगितलं की मला उशीर झाला’ यातला दुसरा ‘मला’ रमेशचा की लिहिणाऱ्याचा? तिथे अवतरणचिन्हं हवीतच. पण तीही शब्द खरोखर ऐकले असतील तरच घालावीत, नुसता अंदाज असेल तर नाही. ‘आपण’चंही तसंच. ‘सरांनी मॅडमना सांगितले की आपल्याला उशीर झाला’ यात सर एकटे की दोघं मिळून, हे कळत नाही. तेच ‘की’ काढून ‘आपल्याला उशीर झाल्याचे सरांनी मॅडमना सांगितले’ असं लिहिलं तर ‘आपल्याला’ सरांकडेच जातं. आणि ‘म्हणून’ जपून वापरा. ‘मला उशीर झाला म्हणून त्याने सांगितलं’ यात त्याने तेच शब्द सांगितले, की माझ्या उशिरामुळे दुसरंच काही सांगितलं, हे बोलताना आवाजावरून कळतं. कागदावर कळत नाही.