शंभराची पिन ब्याऐंशीला मिळत असेल तर?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, टॉवेलच्या लूमचे सुटे भाग करतो. त्यातल्या एका पिनेचा खर्च अकाउंटंटनं १०० रुपये काढलाय. ईएन-८ बार ३८, मजुरी २२, वीज-इन्सर्ट-कूलंट १० आणि ओव्हरहेड ३०. महिन्याला १००० पिना लागतात. चिंचोलीची एक पार्टी ८२ला द्यायला तयार आहे. हार्डनिंग दोन्ही वेळी बाहेरच करून घ्यावं लागेल. मग सरळ १८ रुपये वाचतात ना?

नाही वाचत. उलट तुमच्या सध्याच्या परिस्थितीत पिनेमागे बरेच पैसे जास्त जातील.

अकाउंटंटचा १०० हा आकडा चूक नाही. वर्षाचा ताळेबंद, मालाचा साठा, विक्रीची किंमत यांसाठी तो लागतोच. पण "घरी करू की बाहेरून घेऊ" हा प्रश्न वेगळा आहे. इथं एकच विचारायचं: उद्यापासून ही पिन करणं थांबवलं, तर माझ्या खिशातून जाणारा कोणता पैसा खरोखर थांबेल? जो थांबेल तोच या निर्णयात धरायचा.

बारचे ३८ थांबतील. मात्र टर्निंगचा भंगार तुम्ही विकत असाल, तर ते पैसेही यायचे थांबतील. पिनेमागे त्याचे २ रुपये येतात असं धरू, म्हणजे उरले ३६. वीज, इन्सर्ट आणि कूलंटचे १० थांबतील. पण वीजबिलातला स्थिर आकार लेथ बंद ठेवला तरी येतोच. तो या १०त मिसळलेला नाही ना, हे बिल समोर ठेवून बघा.

मजुरीचे २२ म्हणजे महिन्याला २२,००० रुपये, आणि तो तुमच्या लेथच्या ऑपरेटरचा पगार आहे. पिना बाहेर दिल्यावर तुम्ही त्याला काढणार आहात का? बहुतेक नाही. दुसऱ्या कामाला त्याची गरज आहे, शिवाय हात बसलेला माणूस सोडला तर तसा पुन्हा मिळणं अवघड. मग त्याचा पगार चालूच राहणार आणि हे २२ हिशोबातून बाहेर गेले. तो पिनेमागे पैसे घेणारा असता, तर पूर्ण २२ धरावे लागले असते.

ओव्हरहेडचे ३० सुटे करून बघा. शेडचं भाडं, लेथचा घसारा, सुपरवायझर, अकाउंटंटची फी आणि तुमचा स्वतःचा पगार हे सगळं पिनांवर वाटून आलेलं आहे. यातलं पिनांबरोबर खरोखर थांबेल ते फक्त या लेथच्या देखभालीचं, समजा महिन्याला ३,००० रुपये. म्हणजे पिनेमागे ३. बाकीचे २७ पिनेवरून उठून दुसऱ्या मालावर जाऊन बसतील, एवढंच.

तर घरी केलेल्या पिनेचा निर्णयापुरता खर्च ३६, १० आणि ३ मिळून ४९ रुपये. विकतच्या पिनेला ८२, वर टेम्पो आणि आल्यावरची तपासणी मिळून ३, म्हणजे ८५. फरक ३६ रुपयांचा, महिन्याला ३६,०००. ऑपरेटरला खरंच कमी केलंत, तरी घरचा खर्च ७१ होतो आणि घरची पिन तेव्हाही १४ रुपयांनी स्वस्त पडते.

हार्डनिंगचा दर दोन्हीकडे सारखाच आहे, म्हणून तो मी कुठेच धरला नाही. चिंचोलीवाला ते करून देणार असता, तर मात्र धरावा लागला असता.

प्रश्न : आमच्याकडे अशाच पिना होतात, पण लेथला क्षणाची उसंत नाही. रोलरच्या टर्निंगचं बाहेरचं जॉबवर्क येतं आणि ते परत पाठवावं लागतं. तरीही घरीच करायच्या?

तुमचं उत्तर उलट येण्याची शक्यता मोठी आहे. मोकळ्या लेथवर पिन केली तर लेथचा वेळ फुकट असतो. भरलेल्या लेथवर तिच्यासाठी दुसरं काम सोडावं लागतं, आणि त्या सोडलेल्या कामाची कमाई पिनेच्या खर्चात धरावी लागते. ती कुठल्याच वहीत लिहिलेली नसते, म्हणून ती निसटते.

वरच्याच पिनेचे आकडे घेऊ. एका पिनेला लेथवर १२ मिनिटं लागतात असं धरा. १००० पिनांना २०० तास, म्हणजे रोज ८ तासांची पाळी, महिन्याचे २५ दिवस. रोलरच्या कामाला तासाला ३५० रुपये मिळतात, त्यातून वीज आणि टूलचे ५० वजा जाता ३०० हाती राहतात. ऑपरेटरचा पगार इथंही धरायचा नाही, कारण तो दोन्ही कामांत तोच आहे. १२ मिनिटांचे झाले ६० रुपये. घरच्या पिनेचा खरा खर्च ४९ अधिक ६०, म्हणजे १०९. मग ८५ची पिन घेतलेली बरी.

हे उलटं करूनही बघता येतं, आणि वर्कशॉपमध्ये तेच जास्त उपयोगी पडतं. विकतची पिन घरच्यापेक्षा ३६ रुपयांनी महाग आहे आणि तिच्यामुळे १२ मिनिटं मोकळी होतात. म्हणजे तासाला १८०. मोकळा झालेला तास १८०पेक्षा जास्त मिळवून देत असेल तर पिन बाहेर द्या, नसेल तर घरी करा. हा एक आकडा लेथजवळच्या पाटीवर लिहून ठेवला, तरी प्रत्येक नव्या चौकशीला पटकन उत्तर देता येतं.

यात लोक फसतात ते एका ठिकाणी. जॉबवर्क आलंय म्हणून सगळ्याच्या सगळ्या पिना बाहेर देतात आणि मोकळा झालेला लेथ निम्मा वेळ उभा राहतो. समजा रोलरचं काम महिन्याला १२० तासांचंच आहे. १००० पिना बाहेर दिल्या तर ३६,००० जास्त मोजाल आणि १२० तासांत ३६,००० मिळवाल, म्हणजे हाती शून्य. त्याऐवजी १२० तासांपुरत्याच, म्हणजे ६०० पिना बाहेर द्या. जास्तीचे पैसे जातील २१,६००, मिळतील तेच ३६,०००. महिन्याला १४,४०० रुपये उरले, आणि पिन करायची घरची सवयही मोडली नाही.

मात्र कमी नगांना पार्टी तोच दर देईल असं गृहीत धरू नका. ६०० नगांचा दर लेखी मागा आणि तो आला की हाच हिशोब त्यावर पुन्हा मांडा. शिवाय परत पाठवलेलं काम किती तासांचं होतं, ते मागच्या काही महिन्यांच्या चौकशांवरून काढा. "खूप काम येतं" यावर आकडेमोड उभी राहत नाही.

प्रश्न : पिनांसाठीच तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून ४ लाखांचा लेथ घेतला. हप्ते अजून चालू आहेत. पिना बाहेर दिल्या तर ते पैसे वाया जातील, असं वडील म्हणतात.

वडिलांची तळमळ समजते, पण ते ४ लाख गेलेले आहेत. पिन घरी केली म्हणून ते परत येत नाहीत आणि बाहेर दिली म्हणून जास्त जात नाहीत. हप्त्याचंही तसंच. बँकेला तो दोन्ही वेळी द्यायचाच आहे, म्हणून तो दोन्ही बाजूंतून वगळायचा. घसाराही त्याच जुन्या ४ लाखांचा वाटा आहे, तोही वगळायचा.

धरायची ती लेथची आजची विक्री किंमत, आणि तीही तुम्ही तो खरोखर विकणार असाल तरच. समजा आज ३ लाख येतात आणि वर्षानं २ लाख ६० हजार येतील. तर लेथ आणखी वर्षभर ठेवण्याची किंमत आहे ४०,००० ची घट आणि ३ लाखांवरचं व्याज, १० टक्क्यांनी ३०,०००. एकूण ७०,०००, वर्षाच्या १२,००० पिनांवर वाटले तर पिनेला सहाच्या आत. वरच्या हिशोबात ४९चे ५५ होतात आणि ८५ तरी लांबच राहतात.

लेथवर बँकेचा तारण बोजा असेल, तर विकण्याआधी बँकेची संमती लागेल.

प्रश्न : एका मित्रानं चिंचोलीहून पिना घेतल्या, मोजमाप बरोबर होतं पण दोन महिन्यांत झिजल्या. दर चांगला असूनही भीती वाटते. आणि जीएसटी धरायचा की नाही?

मापात बसूनही पिन लवकर झिजली, तर पहिला संशय मालावर घ्यायचा. ईएन-८मध्ये कार्बन साधारण ०.४ टक्के असतो, म्हणून इंडक्शन हार्डनिंगनं तिचा पृष्ठभाग कडक होतो. स्वस्तात पडावं म्हणून कुणी साधं माइल्ड स्टील वापरलं, तर त्यात कार्बन साधारण त्याच्या निम्मा, आणि त्याच हार्डनिंगनं ते तसं कडक होत नाही. मायक्रोमीटरला दोन्ही पिना सारख्याच दिसतात. हार्डनिंगहून आलेल्या पिनेवर चांगली कानस फिरवून बघा. नीट कडक झालेल्या पिनेवरून कानस घसरते, मऊ पिनेला धरते. प्रत्येक लॉटमधल्या चार-पाच पिना अशा तपासायला काही मिनिटं लागतात, आणि शंका आली तर कडकपणा मोजून घ्यावा.

या जोखमीचे पैसेही मांडता येतात. समजा झिजलेली पिन गिऱ्हाइकाच्या लूममध्ये सापडली, की जाणं-येणं, खोलणं आणि नवा भाग मिळून २,५०० रुपये जातात. १००० पिनांत अशा ५ निघाल्या तर पिनेमागे साडेबारा रुपये. पण तुमच्या घरच्या पिनाही कधी खराब निघतात. त्या १००० मध्ये २ असतील, तर विकतच्या पिनेवर फक्त जास्तीच्या तिघींचे साडेसात रुपये चढवायचे.

मधला मार्ग असा, की बार तुमचा द्या आणि फक्त मजुरी त्याची. मालाची खात्री तुमच्या हातात राहते. त्यानं मजुरी ४२ सांगितली तर ३८ अधिक ४२ म्हणजे ८०, वर दोन्ही वेळचा टेम्पो. भंगार कुणाचा, हे आधीच ठरवून घ्या. बार पाठवताना जॉबवर्कचं चलन करा आणि माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे, हे लक्षात ठेवा, नाहीतर तो पाठवला त्या दिवशी विकला असं कायदा मानतो.

तुम्ही नियमित जीएसटीत असाल आणि पिनेचा कर क्रेडिट म्हणून मिळत असेल, तर तो खर्च नाही, फक्त काही दिवस अडकलेला पैसा आहे. कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट नाही. दर १८ टक्के धरला तर ८२च्या पिनेवर १४ रुपये ७६ पैसे सरळ खर्चात जातात. मग तुमच्या बारवर भरलेला करही घरच्या बाजूला धरायला हवा, नाहीतर तुलना एकतर्फी होईल.

नियमित असलात तरी पार्टीनं रिटर्न भरलं नाही, तर तिचं बिल तुमच्या GSTR-2B मध्ये दिसत नाही आणि क्रेडिट अडतं. म्हणून पहिली मोठी ऑर्डर देण्याआधी ५० पिनांची छोटी ऑर्डर द्या. त्या पिना हार्डनिंग करून कानशीनं तपासा, आणि पुढच्या महिन्यात ते बिल पोर्टलवर आलंय का, ते बघा.