सोसायटीच्या वार्षिक सभेसाठी हिशोब आणि दुरुस्तीच्या स्लाइड कशा लिहाव्यात?

प्रश्न: मी सोसायटीचा नवा खजिनदार आहे. वार्षिक सभेत हिशोब आणि राहिलेली दुरुस्तीची कामं स्लाइडवर मांडायची आहेत. ताळेबंद दाखवला की लोकांचं लक्ष उडतं आणि शेवटी वाद होतो. स्लाइडवर नेमकं काय लिहू?

ताळेबंद स्लाइडवर टाकूच नका. तो आणि लेखापरीक्षकांचा अहवाल सभेच्या सूचनेसोबत, म्हणजे पूर्ण चौदा दिवस आधी, प्रत्येकाच्या हातात गेला पाहिजे. सभासदाला सभेत हवं असतं एकाच गोष्टीचं उत्तर: आपल्याकडे खरोखर पैसा किती आहे आणि तो कोणत्या कामाला लावता येतो. सहा-सात स्लाइड पुरतात, फक्त त्या याच प्रश्नाच्या दिशेने चालल्या पाहिजेत. मी काही वर्षं हेच काम केलंय, त्यामुळे एक उदाहरण धरूनच सांगतो. आकडे समजण्यासाठी घेतलेत.

समजा बत्तीस फ्लॅटची, पंचवीस वर्षं जुनी इमारत आहे. वर्षाचं उत्पन्न 14,10,000 रुपये, खर्च 12,90,000. बहुतेक खजिनदार पहिल्या स्लाइडवर ‘शिल्लक 1,20,000’ असं लिहितात आणि वादाला तिथेच सुरुवात होते, कारण सभासदाला वाटतं तेवढे पैसे बँकेत पडून आहेत. उत्पन्न-खर्च पत्रकात बिल केलेली रक्कम धरतात, मग ती आलेली असो वा नसो. आपल्या उदाहरणात थकबाकी वर्षभरात 1,85,000 वरून 3,95,000 झाली, म्हणजे 2,10,000 रुपये आलेच नाहीत. म्हणून पहिली स्लाइड अशी लिहा:

‘पत्रकाप्रमाणे शिल्लक 1,20,000. वर्षात वाढलेली थकबाकी 2,10,000. म्हणून हातात आलेला पैसा खर्चापेक्षा 90,000 रुपयांनी कमी.’

घसारा, आगाऊ भरणा असे छोटे फरक असतील तर ते एका ओळीत घ्या. थकबाकीच्या स्लाइडवर नावं नकोत. त्याऐवजी तीन महिन्यांच्या आतली किती, वर्षावरची किती, हे दाखवा. वर्षावरची रक्कम दोन-तीन फ्लॅटची असेल तर सभेला लगेच कळतं की हा सगळ्यांच्या बेशिस्तीचा नाही, वसुलीच्या कारवाईचा विषय आहे.

त्यानंतरची स्लाइड मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच सहसा नसते. ताळेबंदात एका बाजूला सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेला निधी, दिसतो आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या मुदत ठेवी. दोन्ही आकडे शेजारी लिहा. आपल्या इमारतीत फंड 10,75,000 आहे आणि ठेवी 9,60,000 च्या. मधले 1,15,000 कुठे गेले? बहुतेक वेळा ते पाण्याच्या आणि विजेच्या बिलात गेलेले असतात, कारण थकबाकीमुळे चालू खर्चाला पैसे पुरत नव्हते. चोरी झालेली नसते, पण लपवलं तर तसंच वाटतं. ‘फंडातून 1,15,000 चालू खर्चाला वापरले गेले, थकबाकी वसूल होताच परत ठेवायचे’ असं स्पष्ट लिहा. दुरुस्ती निधीच्या ठेवी 4,20,000 आणि बचत खात्यात 2,30,000, हेही त्याच स्लाइडवर. बचत खात्यातली रक्कम जेमतेम दोन महिन्यांच्या खर्चाची आहे, तेव्हा दुरुस्तीसाठी ती नाही, हे शेजारी लिहून टाका.

आता दुरुस्ती. कामं तक्रारीच्या क्रमाने नको, धोक्याच्या क्रमाने लावा. आदर्श उपविधीप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. त्या अहवालातला क्रम घ्या. आपल्याकडे पार्किंगमधल्या कॉलमच्या सळ्या उघड्या पडल्यात (3,80,000), गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलंय (5,20,000), सांडपाण्याचे पाइप गळतात (1,60,000) आणि बाहेरचा रंग राहिलाय (7,50,000). प्रत्येक कामाखाली एक फोटो आणि एक ओळ: थांबलो तर काय होईल. कॉलमच्या सळीला गंज चढला की ती फुगते आणि आजूबाजूचं काँक्रीट फोडते, त्यामुळे पुढच्या वर्षी तेच काम मोठं होतं. रंग थांबवला तर चालतो. ऑडिटमध्ये बाहेरच्या भिंतीच्या भेगा नोंदल्या असतील तर मात्र त्या आधी बुजवायला हव्यात.

कोटेशन दाखवताना एक काळजी घ्या. तिन्ही ठेकेदारांना एकच कामाची यादी आणि मोजमाप दिलेलं असेल तरच आकडे शेजारी मांडा. एकाने जुना थर काढून वॉटरप्रूफिंग धरलं असेल आणि दुसऱ्याने वरूनच लेप, तर ती तुलनाच नाही. जीएसटी धरून की सोडून, तेही लिहा. कॉलमचं प्लास्टर फोडल्याशिवाय नुकसान पूर्ण कळत नाही. म्हणून तिथे ‘अंदाजे, प्रत्यक्ष मोजमापानुसार बिल’ असं लिहा.

मग पैशांची जुळवणी. कॉलमची मोठी दुरुस्ती सिंकिंग फंडातून करता येते, पण त्याला वास्तुविशारदाचा दाखला, सर्वसाधारण सभेचा ठराव आणि उपनिबंधकांची पूर्वपरवानगी लागते. या तिन्ही अटी स्लाइडवर लिहा, नाहीतर पुढच्या आठवड्यात काम का सुरू झालं नाही असं लोक विचारतील. गच्ची आणि पाइप मिळून 6,80,000. त्यातले 4,20,000 दुरुस्ती निधीतून. उरले 2,60,000, ते सभासदांकडून. रंग पुढच्या वर्षी.

इथे कोणीतरी उठून म्हणेल, सगळ्यांकडून सारखे घ्या. सेवाशुल्क सगळ्यांना सारखं असतं, पण दुरुस्ती निधी प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या प्रमाणात आकारायचा असतो, व्यवहारात क्षेत्रफळाप्रमाणे. वीस फ्लॅट 550 चौरस फुटांचे आणि बारा 750 चे, म्हणजे एकूण 20,000 चौरस फूट. दर पडतो 13 रुपये. लहान फ्लॅटला 7,150, मोठ्याला 9,750. हे दोनच आकडे मोठ्या अक्षरात दाखवा, आणि खाली हप्ते किती ते.

दुसरा प्रश्नही हमखास येतो: थकबाकीच 3,95,000 आहे, ती वसूल करा, आम्ही का भरायचं? उत्तर त्याच स्लाइडवर ठेवा. थकबाकी आली की आधी सिंकिंग फंडाचे 1,15,000 परत जातील आणि बाकी चालू खर्चाला लागेल. शिवाय वसुलीचा दाखला मिळवून रक्कम हातात यायला महिने जातात, गच्ची पावसाळ्याआधी व्हायला हवी.

शेवटची स्लाइड ‘धन्यवाद’ची नको. तिथे ठरावाचा मजकूर ठेवा, म्हणजे सूचक, अनुमोदक आणि मतदान त्याच शब्दांवर होईल आणि इतिवृत्तात वेगळं काही उतरणार नाही. हिशोबाला मंजुरी आणि दुरुस्ती हे दोन वेगळे ठराव, आणि दुरुस्तीचा विषय सूचनेतल्या विषयपत्रिकेत आधीच छापलेला असला पाहिजे. आयत्या वेळच्या विषयात एवढा खर्च मंजूर करून घेतला तर तो ठराव आव्हानात अडकू शकतो. मजकूर असा:

‘कॉलम दुरुस्तीसाठी अंदाजे 3,80,000 रुपये, उपनिबंधकांच्या परवानगीनंतर, सिंकिंग फंडातून खर्च करावेत. गच्ची व पाइपच्या कामासाठी 4,20,000 रुपये दुरुस्ती निधीतून वापरावेत आणि 13 रुपये प्रति चौरस फूट दराने तीन समान मासिक हप्त्यांत वर्गणी घ्यावी. ठेकेदार निवडण्याचा अधिकार समितीला द्यावा. खर्च मंजूर रकमेच्या दहा टक्क्यांहून जास्त वाढल्यास विशेष सभा बोलवावी.’